साठ-चाळीसचा सोस आणि दर महिन्याची विकाविकी

"श्रीमंतांचं गुपित, सगळ्यांना पुढे पाठवा! (१) दर महिन्याच्या १ तारखेला पोर्टफोलिओ ६०:४० वर तंतोतंत आणा, अर्धा टक्काही फरक राहू देऊ नका. (२) जितक्या वेळा रीबॅलन्स कराल तितका परतावा जास्त. (३) फंडातून फंडात स्विच केलं तर टॅक्स लागत नाही, कारण पैसे बँकेत येतच नाहीत. (४) बाजार वर गेला की आपोआप विक्री, पडला की आपोआप खरेदी. डोकं लावायची गरजच नाही!"

हे माझ्या मावशीला तिच्या निवृत्त शिक्षिकांच्या ग्रुपवर आलं. मावशी राजारामपुरीत राहते. निवृत्तीच्या पैशातले वीस लाख तिने नुकतेच गुंतवलेत, बारा लाख निफ्टीच्या इंडेक्स फंडात आणि आठ लाख डेट फंडात, म्हणजे ६० टक्के इक्विटी आणि ४० टक्के डेट. हे प्रमाण हललं की खरेदी-विक्री करून परत जागेवर आणायचं, यालाच रीबॅलन्स म्हणतात. तिचा फोन आला, "अरे, एक तारीख परवाच हाय. करून टाकू न्हवं?"

नको, मावशी. आणि शाहूपुरीतल्या आमच्या ऑफिसात रिटर्न भरायला येणारेही हाच मेसेज मोबाइल पुढे करून दाखवायला लागलेत, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

आधी तिसरा मुद्दा घेतो. बाकीचे मुद्दे पाळून फार तर डोक्याला ताप होईल, हा पाळला तर नोटीस येईल. स्विच म्हणजे कागदावर दोन स्वतंत्र व्यवहार असतात: एका फंडाची विक्री आणि दुसऱ्याची खरेदी. मधल्या वेळात पैसे तुमच्या बँकेत आले की नाही, याच्याशी प्राप्तिकर खात्याला काहीही देणंघेणं नाही. युनिट विकले गेले, नफा झाला, कर लागला. त्याच फंडाच्या रेग्युलर प्लॅनमधून डायरेक्टमध्ये गेलात तरी तेच, आणि एसटीपी लावून दर महिन्याला थोडे थोडे हलवलेत तरी तेच. हे व्यवहार तुमच्या पॅनवरच्या एआयएसमध्ये, म्हणजे प्राप्तिकर खात्याकडच्या तुमच्या वार्षिक माहितीपत्रकात दिसतात. "मी तर विकलंच नाही" म्हणून चालत नाही.

दर असे आहेत. २३ जुलै २०२४ पासून इक्विटी फंडाचे युनिट बारा महिन्यांच्या आत विकले तर नफ्यावर २० टक्के. बारा महिने उलटल्यावर विकले तर वर्षभरातला एकूण १.२५ लाखापर्यंतचा नफा माफ, त्यापुढे १२.५ टक्के. डेट फंड १ एप्रिल २०२३ नंतर घेतला असेल तर कितीही वर्षं ठेवा, नफा तुमच्या उत्पन्नात मिळवून तुमच्या स्लॅबने कर. यात दर महिन्याला उलटापालट करणाऱ्याचं काय होतं बघा. पहिल्या वर्षभर तो जे जे इक्विटी विकतो ते सगळं २० टक्क्यांत जातं, आणि १.२५ लाखाची सूट त्याच्या वाट्याला येतच नाही. काही फंडांना वर्षाच्या आत बाहेर पडलं की एक्झिट लोड, म्हणजे लवकर निघाल्याबद्दलची कपात असते, ती वेगळीच.

शिवाय जी गोष्ट असले मेसेज लिहिणाऱ्यांना ठाऊकही नसते, ती रिटर्नच्या फॉर्मची. मावशीला पेन्शन आणि ठेवींचं व्याज, एवढंच उत्पन्न. तिला आयटीआर-१ पुरतो. कर निर्धारण वर्ष २०२५-२६ पासून इक्विटीतला १.२५ लाखापर्यंतचा दीर्घ मुदतीचा नफाही त्याच फॉर्ममध्ये दाखवता येतो. पण अल्प मुदतीचा नफा शंभर रुपयांचा जरी झाला तरी आयटीआर-१ बाद होतो आणि आयटीआर-२ भरावा लागतो. म्हणजे बारा महिन्यांच्या बारा खरेदी-विक्री जुळवत बसायचं. आमची फी वाढते, आम्हाला काय!

या तिसऱ्या मुद्द्यात अर्धं सत्य आहे, ते मान्य करतो. एनपीएसच्या आत इक्विटी आणि रोखे यांचं प्रमाण बदललं तर त्या वेळी कर लागत नाही. हायब्रिड फंडात मॅनेजर आतल्या आत जी खरेदी-विक्री करतो तिचाही कर आपल्यावर येत नाही. कुणीतरी तिथलं ऐकलं असणार आणि इथे चिकटवलं असणार.

आता पहिला मुद्दा. मावशीचेच आकडे घेऊ. समजा पहिल्या महिन्यात इक्विटी ३ टक्के वर गेली आणि डेट अर्धा टक्का. बारा लाखांचे १२,३६,००० झाले, आठ लाखांचे ८,०४,०००. एकूण २०,४०,०००. इक्विटीचा वाटा ६०.६ टक्के. मेसेजप्रमाणे १२,००० रुपयांची इक्विटी विकून डेटमध्ये टाकायची. पुढच्या महिन्यात समजा इक्विटी ३ टक्के पडली आणि डेट पुन्हा अर्धा टक्का वर गेला. आता वाटा साधारण ५९.१ टक्के, म्हणजे डेट विकून सुमारे १७,००० ची इक्विटी परत घ्यायची. गेल्या महिन्यात विकली तीच. या दोन महिन्यांत कर काही शे रुपयांच्या आतच बसतो, मी उगाच फुगवून सांगणार नाही. पण त्या बदल्यात मिळालं काय? ६०.६ टक्के इक्विटी असलेला पोर्टफोलिओ आणि ६० टक्के असलेला पोर्टफोलिओ, दोन्हींची जोखीम जवळपास तीच. बाजार नुसता श्वास घेतो तेवढी ही हालचाल. तिच्यावर दर वेळी व्यवहार करायचं कारणच नाही.

म्हणून जाणती माणसं तारीख आणि बँड, म्हणजे पट्टा, दोन्ही वापरतात. तारीख ही वाटा तपासण्याची असते, व्यवहार करण्याची नव्हे. वर्षातून एकदा किंवा दोनदा ठरलेल्या दिवशी वाटा मोजायचा. तो ठरवलेल्या पट्ट्यात असेल, समजा ५५ ते ६५ टक्के, तर मोबाइल खाली ठेवायचा. पट्ट्याबाहेर गेला असेल तरच हात लावायचा.

पाच टक्के म्हणजे फारच ढिलं झालं, असं वाटेल. गणित करून बघा. ६० चा वाटा ६५ व्हायला इक्विटीला डेटच्या तुलनेत जवळपास २४ टक्के पुढे जावं लागतं, आणि ५५ व्हायला साडेअठरा टक्के मागे पडावं लागतं. मावशीच्या इक्विटीने पहिल्या वर्षी चक्क ३० टक्के दिले आणि डेटने ७, असं धरू. १५.६० लाख आणि ८.५६ लाख. वाटा ६४.६ टक्के. एवढ्या तेजीच्या वर्षातही काहीच करायचं नाही! दुसऱ्या वर्षी इक्विटी १० टक्के आणि डेट साडेसहा टक्के: १७.१६ लाख आणि ९.१२ लाख. वाटा ६५.३ टक्के. आता पट्टा ओलांडला. परत ६० वर आणायला सुमारे १,३९,४०० रुपयांची इक्विटी विकायची. त्यातला नफा जवळपास ४१,९००, युनिट दोन वर्षांचे, म्हणजे १.२५ लाखाच्या सुटीत आरामात बसतात. कर शून्य, आणि फॉर्म आयटीआर-१ च. दोन वर्षांत एक व्यवहार झाला. मेसेजप्रमाणे ते चोवीस झाले असते.

तोही एक व्यवहार टाळता येतो. मावशी वर्षाला लाख-सव्वा लाख खर्चाला काढणारच आहे. ते पैसे जी बाजू जड झालीय तिच्यातून काढले की बरंचसं काम तिथेच होतं. कमावत्या माणसाने उलटं करायचं, चालू एसआयपी काही महिने हलक्या बाजूला वळवायची. नव्या पैशाने समतोल साधला तर विक्रीच होत नाही, मग कर कुठून लागणार?

दुसऱ्या मुद्द्याला एकच दाखला पुरे आहे. व्हॅनगार्ड या अमेरिकी फंड कंपनीने २०१० साली १९२६ पासूनचे तिथले आकडे घेऊन ६०:४० पोर्टफोलिओ तपासला. महिन्याला, तिमाहीला, वर्षाला, वेगवेगळे पट्टे लावून, आणि कधीच रीबॅलन्स न करता. जोखीम धरून पाहिलं तर वारंवारतेने म्हणावा असा फरक पडला नाही. वर्षातून एकदा किंवा दोनदा बघावं आणि पाच टक्क्यांचा पट्टा ठेवावा, हीच त्यांची शिफारस. आणि सगळ्यात जास्त परतावा कुणाचा? कधीच हात न लावलेल्याचा! कारण त्यात शेअरचा वाटा सरासरी ८० टक्क्यांच्याही वर गेला होता, आणि चढउतारही तसेच मोठे. म्हणजे रीबॅलन्सिंग परतावा वाढवायला करतच नाहीत. आपण ठरवलेल्या जोखमीपेक्षा जास्त जोखीम नकळत अंगावर येऊ नये, एवढ्यासाठी करतात. मार्च २०२० अखेर निफ्टी ८,६०० च्या आसपास होता, मार्च २०२१ अखेर १४,७०० च्या. त्या वर्षी दर महिन्याला इमानेइतबारे विकत बसलेल्याला विचारा, परतावा वाढला का.

चौथा मुद्दा त्यातल्या त्यात बरा. ठरलेली तारीख असली की मन मध्ये येत नाही, हे खरं आहे. पण 'डोकं लावायची गरज नाही' हे खोटं. मार्च २०२० मध्ये निफ्टी एका महिन्यात २३ टक्के पडला. ६०:४० चा वाटा तेवढ्यात ५३.६ वर येतो, पट्ट्याबाहेर. ज्याची तारीख १ एप्रिल होती त्याने खरेदी केली. ज्याची १ जानेवारी होती त्याला पुढच्या जानेवारीत निफ्टी १४,००० वर दिसला, मधल्या पडझडीचा मागमूसही नाही. निव्वळ तारखेची ही मर्यादा आहे. वर्षातून दोनदा बघितल्याने ती थोडी कमी होते, संपत नाही.

आणखी एक गोष्ट, सोन्यासाठी. पोर्टफोलिओतल्या सगळ्या वाट्यांना पाच टक्क्यांचाच पट्टा लावू नका. पोर्टफोलिओत गोल्ड ईटीएफ १० टक्के असेल तर तो १५ व्हायला सोन्याला बाकीच्यांपेक्षा ५९ टक्के पुढे पळावं लागेल, म्हणजे पट्टा असून नसल्यासारखा. छोट्या वाट्याला त्याच्याच पंचवीस टक्क्यांचा पट्टा ठेवतात, १० ला साडेसात ते साडेबारा. (गुजरीतून केलेल्या पाटल्या या हिशेबात धरू नयेत. मावशी त्या विकणार नाही, मग त्यांचं रीबॅलन्सिंग कसलं?)

तारीख कुठली घ्यावी, हे तिने विचारलंच. मी तिला मार्चचा शेवटचा आठवडा लिहून दिलाय. कारण पोर्टफोलिओ मोठा झाला आणि विकायच्या रकमेतला नफा १.२५ लाखाच्या वर जायला लागला, तर अर्धे युनिट मार्चअखेर आणि अर्धे एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात विकता येतात. दोन आर्थिक वर्षं, दोन वेळा सूट. वाटा त्या आठ-दहा दिवसांत साठवर नसेल, एवढंच.