सही खरी आहे, पण ती कोणासाठी केली होती?

"एसएसओ लावलं की तपासणी सगळी आयडीपीची. असर्शनवरची सही जुळली की झालं, ॲपला आणखी काही बघायला नको. वेळेची अट तर नुसती कटकट, बंद करून टाका."

असं सर्रास ऐकू येतं. त्यातलं पहिलं वाक्य अर्धंच खरं आहे. एसएसओ म्हणजे एकाच लॉगिनवर अनेक ॲप उघडणं, आणि आयडीपी म्हणजे ते लॉगिन घेणारा सर्व्हर. आयडीपी माणूस ओळखतो: पासवर्ड, ओटीपी. लॉगिन मागणारं ॲप नोंदलेलं आहे का आणि उत्तर पाठवायचा पत्ता नोंदीतलाच आहे का, हेही तो बघतो. मग असर्शनवर, म्हणजे हा माणूस कोण हे सांगणाऱ्या सॅमल पद्धतीच्या दाखल्यावर, सही करून तो ते ब्राउझरच्या हाती देतो. ब्राउझरने ते पुढे कुठे नेलं, हे त्याला कळायला मार्ग नाही. तिथून पुढची जबाबदारी ॲपची.

सहीचं खरं दुखणं मी महापेच्या एका ऑफिसात पाहिलं. पगाराचं पोर्टल आणि बाहेरच्या व्हेंडरचं ट्रेनिंग पोर्टल एकाच आयडीपीवर होती आणि दोन्हींसाठी सहीची किल्लीही एकच होती. रीतसर परवानगी घेऊन आम्ही एचआरच्या टेस्ट खात्याने ट्रेनिंग पोर्टलवर लॉगिन केलं, ब्राउझरमधून असर्शन असलेलं `SAMLResponse` उचललं आणि पगाराच्या पोर्टलच्या एसीएस पत्त्यावर, म्हणजे ते पोर्टल अशी उत्तरं जिथे घेतं तिथे, पोस्ट केलं. सगळ्यांच्या पगाराची यादी समोर उघडली! सही शंभर टक्के खरी होती. फक्त आत हे लिहिलेलं कोणी वाचलंच नव्हतं:

```xml
<saml:Audience>https://training.example/saml</saml:Audience>
```

म्हणजे ट्रेनिंग पोर्टल चालवणाऱ्या व्हेंडरकडे रोज येणारं प्रत्येक असर्शन आमच्या पगाराच्या पोर्टलची किल्ली होतं. `Audience` आपलीच ओळख सांगतंय का आणि `Recipient` आपलाच एसीएस पत्ता आहे का, हे ॲपनेच पडताळायचं. शिवाय सही नेमकी कोणत्या भागावर आहे तेही बघायचं, आणि सही झालेल्या त्याच भागातून नाव वाचायचं. 2012च्या एका अभ्यासात तपासलेल्या 14 पैकी 11 सॅमल प्रणाली याच जागी फसल्या होत्या.

वेळेची अट बंद का केली जाते, तेही मला माहीत आहे. ॲपच्या सर्व्हरचं घड्याळ चार मिनिटं मागे पडतं, ताज्या असर्शनची `NotBefore`ची वेळ अजून यायचीय असं त्याला वाटतं आणि सगळ्यांचं लॉगिन एकदम अडतं. त्यावर उपाय म्हणजे घड्याळं जुळवणारं एनटीपी नीट लावणं आणि एखाद-दोन मिनिटांची सूट देणं. अट काढली, तर कधीतरी हाती लागलेलं असर्शन महिन्याभरानंतरही चालेल. वापरलेल्या असर्शनचा `ID` मुदत संपेपर्यंत जपून ठेवा, म्हणजे तेच दुसऱ्यांदा चालणार नाही.

आमच्यासारखी चाचणी टेस्ट सर्व्हरवर आजच करा. असर्शन नाकारलं गेलं, तरी लॉगमधलं कारण वाचा. तिथे `InResponseTo`, म्हणजे हे ॲपच्या कोणत्या मागणीचं उत्तर आहे ती खूण, जुळत नाही एवढंच दिसत असेल, तर ऑडियन्सची तपासणी होते हे अजून सिद्ध झालेलं नाही. आयडीपीकडून सुरू होणाऱ्या लॉगिनमध्ये `InResponseTo` नसतंच, आणि आमच्या पगाराच्या पोर्टलवर नेमकं तेच लॉगिन चालू होतं.