ॲप काढलं म्हणजे परवानगी गेली असं नाहीये लोकहो

"अरे ते ॲप मी कधीच काढून टाकलंय, त्यानंतर दोन फोन बदलले मी." हे वाक्य दिवाळीत सांगलीला ताईकडे गेलो तेव्हा ऐकलं आणि तेव्हाच ठरवलं की यावर लिहायचं. माझं कामच ऑफिसात लोकांची खाती, पासवर्ड, परवानग्या सांभाळायचं आहे, म्हणून घरचं सगळं माझ्याच डोक्यावर येतं. ताईची तक्रार एवढीच होती की हल्ली फालतू मेल फार येतात, बघ जरा. मी म्हटलं आधी तुझ्या गूगल खात्याला काय काय चिकटलंय ते बघू, आणि myaccount.google.com/connections उघडलं तर 58 नावं! त्यातली निम्मी तिला आठवतच नव्हती आणि एक होतं मेल साफ करून देणारं, मार्च 2017 मध्ये परवानगी दिलेलं. तेच हे "कधीच काढून टाकलेलं" ॲप.

तर मुद्दा असा की फोनमधून ॲप उडवल्याने फक्त फोनमधली जागा मोकळी होते, बाकी काही होत नाही. "गूगलने साइन इन करा" म्हटल्यावर आपण ओके दाबतो तेव्हा गूगल त्या कंपनीला एक टोकन देतं, म्हणजे आत यायचा पासच, आणि ते टोकन आपल्या फोनमध्ये नाही तर त्या कंपनीच्या सर्व्हरवर असतं. जिमला जाणं बंद केलं म्हणून खात्यातून पैसे कापायचे थांबतात का, नाही ना, बँकेत जाऊन ऑटो डेबिटचं मँडेट रद्द करावं लागतं. हे अगदी तसंच आहे, आणि इथली बँक म्हणजे गूगल किंवा फेसबुक.

आता 58 बघून ताई घाबरली, पण त्यातली पन्नासेक तशी निरुपद्रवी होती. नुसतं साइन इन असेल तर समोरच्याला तुमचं नाव, ईमेल पत्ता आणि फोटो मिळतो, मेल वाचता येत नाही की ड्राइव्ह उघडता येत नाही. खरी भानगड असते ती खात्यातल्या गोष्टींपर्यंत पोचणाऱ्यांची, आणि गूगलच्या त्या पानावर ही दोन्ही प्रकारची मंडळी वेगवेगळी काढून बघता येतात. ताईची अशी आठ निघाली. कॅलेंडरवाली, कॉन्टॅक्ट्सवाली, मुलाच्या शाळेच्या प्रोजेक्टसाठी वापरलेली एक प्रेझेंटेशनची साइट जिला अख्खा ड्राइव्ह दिसत होता, आणि ते मेल साफ करणारं. त्याच्या तपशिलात इंग्रजीत स्पष्ट लिहिलं होतं की हे ॲप तुमचे सगळे मेल वाचू शकतं, लिहू शकतं, पाठवू शकतं आणि कायमचे डिलीट करू शकतं. सगळे मेल म्हणजे बँकेचे स्टेटमेंट, डॉक्टरांचे रिपोर्ट, ओटीपी, पासवर्ड रीसेटच्या लिंका. ताई म्हणाली, "मी कुठे दिलं हे सगळं?" दिलं गं, 2017 मध्ये, पाच सेकंदांत, न वाचता. मीही तेच केलं असतं.

कुणी म्हणेल त्या बिचाऱ्यांना काय पडलंय तुमच्या मेलचं. तर 2017 च्याच एप्रिलमध्ये बातमी आली होती, अनरोल-मी नावाची नको ती न्यूजलेटरं बंद करून देणारी फुकट सेवा होती, तिची मालक कंपनी लोकांच्या इनबॉक्समधल्या लिफ्ट या टॅक्सी कंपनीच्या पावत्या काढून, नावं गाळून, तो डेटा उबरला विकत होती. म्हणजे हॅकर वगैरे कुणी आलाच नाही, परवानगी वापरकर्त्यांनीच दिलेली, धंदाच तो होता. आणि त्याच वर्षी मे महिन्यात तर कमाल झाली, कुणीतरी एक खोटं ॲप बनवून त्याचं नावच "गूगल डॉक्स" ठेवलं, ओळखीच्या माणसाकडून मेल यायचा की डॉक्युमेंट शेअर केलंय, क्लिक केलं की परवानगीचं पान यायचं ते खरंखुरं गूगलचंच, ओके दाबलं की ते तुमच्या कॉन्टॅक्ट्सना तोच मेल पाठवायचं. गूगलने साधारण तासाभरात ते बंद पाडलं. पण यात पासवर्ड कुणीच चोरला नव्हता हे लक्षात घ्या, त्यामुळे "पासवर्ड बदलला की झालं" हा जो सल्ला सगळे देतात तो इथे पुरत नाही. जीमेलची परवानगी असलेली टोकनं पासवर्ड बदलल्यावर गूगल रद्द करतं हे खरं, पण बाकीच्या परवानग्या तशाच राहू शकतात. त्या हातानेच काढाव्या लागतात.

बरं मग ताईला जोर आला आणि ती दणादण सगळंच काढायला लागली. मी म्हटलं थांब. कारण इथे क्रम महत्त्वाचा आहे, आणि बहुतेक जण उलटा करतात. गूगलकडून जोडणी तोडली म्हणजे त्या साइटवरचं तुमचं खातं संपलं असं नाही. दार बंद झालं पण आतलं सामान तिथेच पडलंय, नाव, मोबाईल नंबर, जुना पत्ता, जे काय भरलं असेल ते. म्हणून जी ॲप मेल, ड्राइव्ह, कॉन्टॅक्ट्सला हात घालतात त्यांची परवानगी आधी तोडायची, तिथे एक मिनिट थांबायचं नाही. पण नुसतं साइन इनवालं असेल तर आधी त्या साइटवर जाऊन खातं डिलीट करायचं आणि मग गूगलकडून जोडणी काढायची. आणि एखादं खातं ठेवायचंच असेल तर जोडणी तोडायच्या आधी तिथे स्वतःचा पासवर्ड लावून घ्यायचा, नाहीतर नंतर आत कसं जाणार?

ॲप फोनमध्ये नसेल तर डिलीट कुठून करायचं हा प्रश्न येतोच. त्यासाठी ते परत इन्स्टॉल करायची गरज नाही. प्ले स्टोअरवर त्या ॲपच्या पानावर डेटा सेफ्टी म्हणून भाग असतो, तिथे बऱ्याचदा खातं डिलीट करायची वेब लिंक असते, कारण ज्या ॲपमध्ये खातं उघडता येतं त्यांनी अशी लिंक द्यायलाच पाहिजे असा गूगलचा नियम आहे. ॲपलनेही 2022 पासून ॲपच्या आतच खातं डिलीट करायची सोय सक्तीची केली. अर्थात जे ॲप स्टोअरवरूनच गायब झालंय त्याचं काय हा प्रश्न उरतोच.

फेसबुकचं वेगळं बघावं लागतं, तिथे सेटिंग्जमध्ये Apps and websites असं पान आहे. ताईच्या तिथे गेल्या जन्मी तुम्ही कोण होता छापाची सात-आठ निघाली. बऱ्याच दिवसात न वापरलेल्या ॲपला नवीन माहिती द्यायचं फेसबुक बंद करतं, त्यामुळे ती एक्स्पायर्डमध्ये दिसतात, पण आधी नेलेली माहिती त्यांच्याकडेच असते. 2018 मध्ये केंब्रिज ॲनालिटिका या राजकीय प्रचाराचं काम करणाऱ्या कंपनीकडे फेसबुकवरच्या लोकांची माहिती गेल्याचं प्रकरण झालं ते अशाच एका क्विझचं, आणि तेव्हा फेसबुकने भारताबद्दल दिलेला आकडा मला अजून तोंडपाठ आहे, ते ॲप इथे घेतलं फक्त 335 जणांनी आणि माहिती जाण्याची शक्यता होती 5,62,455 जणांची. कारण तेव्हा मित्रांची माहितीही जायची. आता ती वाट बंद आहे, पण तेव्हा गेलेलं परत कुठून आणणार?

आता एक गोष्ट सोशल लॉगिनच्या बाजूने बोलतो, कारण कमेंटमध्ये "म्हणून मी कधीच गूगलने लॉगिन करत नाही" म्हणणारे येणारच. 2017 मध्ये झोमॅटोच्या 1 कोटी 70 लाख लोकांचा डेटा चोरीला गेला, तेव्हा कंपनीने सांगितलं होतं की आमचे 60 टक्के लोक गूगल-फेसबुकने लॉगिन करतात, त्यांचे पासवर्ड आमच्याकडे नव्हतेच. नसलेलं चोरणार कसं. आणि तो चोर आत शिरला कसा ते तर आणखी बघण्यासारखं आहे, त्यांच्या एका डेव्हलपरचं 000webhost या फुकट होस्टिंगवर खातं होतं, ती साइट 2015 मध्ये फुटली, त्यात त्याचा ईमेल-पासवर्ड बाहेर आला, आणि तोच पासवर्ड त्याने गिटहबच्या खात्यालाही लावला होता, जिथे कंपनीचा कोड असतो. म्हणजे एका फुटलेल्या साइटवरच्या खात्यातून कुठल्या कुठे पोचला माणूस. म्हणून माझं मत असं की पासवर्ड देऊन उघडलेली विसरलेली खाती जास्त धोक्याची, आणि ती गूगलच्या यादीत दिसतच नाहीत. ती शोधायला जीमेलच्या सर्चमध्ये हे टाका:

```
subject:(welcome OR verify OR activate) before:2018/01/01
```

ताईच्या मेलमध्ये यातून जे काय बाहेर आलं ते विचारू नका, त्यात एक नोकरी शोधायची साइट निघाली. 2014 चा बायोडेटा, जन्मतारीख, तेव्हाच्या भाड्याच्या घराचा पत्ता, फोटो, सगळं. नंतर कधीतरी तिने तिथे गूगल लॉगिनही जोडलं होतं आणि नेमकी तीच जोडणी तिने मघाच्या जोशात उडवली होती. सुदैवाने ईमेल पत्ता तोच असल्याने परत गूगलने लॉगिन केल्यावर जुनंच खातं उघडलं. जुन्या ऑफिसचा मेल असता तर दार कायमचं बंद. आत गेल्यावर डिलीटचं बटणच नाही! फक्त डीॲक्टिव्हेट, म्हणजे प्रोफाइल लपवणार, ठेवणार मात्र.

मग साइटच्या तळाशी तक्रार अधिकाऱ्याचा मेल शोधला. आपल्याकडे 2011 च्या आयटी नियमांत आहे की कंपनीने अशा अधिकाऱ्याचं नाव आणि संपर्क साइटवर द्यायचा आणि तक्रार महिन्याभरात सोडवायची. ताईच्याच मेलवरून तीन ओळी पाठवल्या, खातं आणि बायोडेटा कायमचा डिलीट करा, झाल्याचं कळवा. आणि उत्तराची वाट न बघता आतलं सगळं बदलून टाकलं, बायोडेटा काढला, फोटो काढला, नाव कखग, जन्मतारीख 1 जानेवारी, पत्ता नुसता "सांगली". त्यांच्या बॅकअपमध्ये जुनं राहणारच, ते आपल्या हातात नाही, पण उद्या साइट फुटली तर निदान चालू यादीत तरी कखग जाईल.

चौथ्या दिवशी उत्तर आलं. ओळख पटवण्यासाठी आधार कार्डाची दोन्ही बाजूंची कॉपी पाठवा म्हणे. ताईने फोन करून मला ते वाचून दाखवलं आणि स्वतःच म्हणाली, "जे त्यांच्याकडे नाहीये ते आता डिलीट करण्यासाठी देऊ होय?" मी कळवायला सांगितलं की ज्या मेलवर खातं आहे त्याच मेलवरून विनंती आली आहे, हवा तर त्यावर ओटीपी पाठवा, आधार मिळणार नाही. आज एकोणिसावा दिवस. काल त्या साइटवरून ताईला मेल आला, "प्रिय कखग, तुमच्यासाठी सांगलीत नवीन संधी."