मुदत ठेव मोडून पॉलिसी गळ्यात मारली तर?

"सही करून बसलो, आता काय होणार?"

होतं ना! पॉलिसीचा कागद हातात आल्यापासून 30 दिवस 'फ्री लुक'चे, म्हणजे पॉलिसी परत करायचे असतात. तेवढ्यात विमा कंपनीला 'पॉलिसी रद्द करा' असं लेखी कळवायचं, बँकेला नव्हे. बँकेतला माणूस "मॅडम आल्या की बघू" म्हणत महिना घालवतो. स्टॅम्प ड्युटी, वैद्यकीय तपासणी आणि तेवढ्या दिवसांचं विमा-शुल्क वजा होऊन बाकी परत मिळतं.

मी नाशिकरोडच्या एका शाखेत काउंटरवर होतो. मार्चमध्ये रोज संध्याकाळी विचारणा, "आज किती पॉलिस्या?" म्हणून मुदत संपलेल्या ठेवींची यादीच काढली जायची. प्रेसमधून निवृत्त झालेल्या एका काकांची दोन लाखांची ठेव अशीच वळवली. "एकदाच भरायचे" असं सांगितलं, कागदावर मात्र प्रीमियम भरण्याची मुदत 10 वर्षं. पेन्शन महिना अठरा हजार, दरवर्षी दोन लाख आणणार कुठून? पडताळणीचा फोन आला तेव्हा "सगळ्याला हो म्हणा" हेही शिकवून ठेवलेलं. (तो फोन रेकॉर्ड होतो, पुढे तोच ग्राहकाच्या अंगावर येतो.)

सहीआधी फक्त 'प्रीमियम भरण्याची मुदत' ही ओळ वाचा. 30 दिवस उलटले असतील तर आधी कंपनीकडे लेखी तक्रार, मग विमा लोकपाल. तिथे फी लागत नाही.