तीन मुलांचा उंच स्तंभ

आज नाशिकमधल्या एका शाळेच्या पालकसभेत मुख्याध्यापकांनी पडद्यावर दहावीच्या निकालाचा स्तंभालेख दाखवला. तीन वर्षांचे तीन स्तंभ. पहिला गुडघ्याएवढा, तिसरा छातीएवढा. "बघा, तीन वर्षांत आपण कुठून कुठे आलो!" सर म्हणाले आणि सभागृहात टाळ्या पडल्या.

स्तंभांवर बारीक अक्षरात आकडे होते: ९४.२, ९५.१, ९६.८. मग शेवटचा स्तंभ पहिल्याच्या तिप्पट कसा? कारण डावीकडचा उभा अक्ष शून्यापासून नव्हे, ९३ पासून सुरू होत होता. म्हणजे पहिल्या स्तंभाची उंची उरली १.२ आणि तिसऱ्याची ३.८. स्तंभ आपण लांबीने वाचतो, त्यामुळे खालचा भाग कापला की लांबी खोटं बोलते. हाच आलेख शून्यापासून काढा, १०० टक्क्यांना २० सेंटिमीटर धरा. पहिला स्तंभ १८.८ सेंटिमीटर, तिसरा १९.४. फरक जेमतेम अर्ध्या सेंटिमीटरचा.

आता मुलं मोजू. पहिल्या वर्षी १२० पैकी ११३ पास, यंदा १२४ पैकी १२०. नापास ७ होते, ते ४ झाले. टाळ्या पडल्या त्या ३ मुलांच्या फरकाला. एवढ्या लहान तुकडीत एक मूल इकडचं तिकडे झालं तरी निकाल ०.८ टक्क्याने हलतो.

सरांनी मुद्दाम केलं असेल असं नाही, हे मान्य. आकडे एकमेकांच्या जवळ असले की एक्सेल स्वतःच अक्ष वरून सुरू करतं. अक्षावर डबल-क्लिक करून `Format Axis` मध्ये `Minimum` ला ० लिहिलं की झालं. शून्यापासून काढले तर तिन्ही स्तंभ सारखेच दिसतात, हेही खरं. मग स्तंभ काढूच नका ना! सरळ तक्ता लावा: बसले किती, पास किती, विशेष प्राविण्य किती, ३५ वर काठावर सुटले किती. ३५ वाला आणि ९५ वाला पासच्या स्तंभात एकाच मापाने मोजले जातात.

आणि लिहिता लिहिता राग पुन्हा वर येतोय तो त्या १२४ वर. नववीला किती मुलं होती? कच्च्या मुलांना दहावीला १७ नंबरचा फॉर्म भरायला लावला, तर ती खाजगी विद्यार्थी ठरतात आणि शाळेच्या टक्केवारीत येतच नाहीत. या शाळेत असं झालं असं मी म्हणत नाही. पण नववीचा पट शेजारी ठेवल्याशिवाय ९६.८ हा आकडा वाचताच येत नाही, आणि सभेत तो कुणी मागितला नाही.

त्या टाळ्या अजून कानात आहेत. पाऊण तासाच्या भाषणात नापास झालेल्या चौघांवर एक वाक्य नव्हतं. कुठल्या विषयात अडकले? एक-दोन विषयच राहिले असतील तर एटीकेटीवर अकरावीला प्रवेश मिळतो, हे त्यांच्या घरी कुणी सांगितलं का? पुरवणी परीक्षेचा फॉर्म भरला का त्यांनी?