नऊ वाजून वीस मिनिटं

"ताई, तू तिकडे बसून 'मुलांना मोकळं सोडा' म्हणतेस. इथे पोरगा अर्धा तास उशिरा आला तर आईच्या डोळ्यांसमोर काय काय येतं, ते तुला काय कळणार? काळजी करते ती आईच चूक, असं म्हणायचंय का तुला?"

मावसबहिणीचा हा निरोप मला आठ दिवस बोचतोय. तिचा मुलगा पंधरा वर्षांचा आहे, आणि शिकवणीहून सायकलने एकटं घरी यायला त्याला परवानगी नाही. यावरून घरच्या गटात दोन तट पडले. तिचा नवरा म्हणाला, "मनगटावर जीपीएसचं घड्याळ बांधा, प्रश्न मिटला." माझे वडील त्यांच्या काळी दहा किलोमीटर सायकल चालवून शाळेत कसे जायचे ते सांगत बसले. मी जे लिहिलं त्यात मात्र थोडा तोरा होता, हे मला मान्य आहे. मी राहते त्या नेदरलँड्समध्ये बारा वर्षांची मुलं बोगद्यातून, कालव्याकाठून, पावसात आणि काळोखात एकटी शाळेत जातात, आणि कुणाची आई दारात उभी नसते, असं मी ठासून लिहिलं होतं.

मी दारात उभी होते, ते मात्र लिहिलं नव्हतं.

गेल्या नोव्हेंबरची गोष्ट. माझ्या मुलाचा हॉकीचा सराव साडेआठला संपतो. मैदान सात किलोमीटरवर आहे, म्हणजे तो नऊच्या सुमारास घरी हवा. नऊ वाजून वीस मिनिटांनी मी पहिला फोन केला, नऊ पन्नासला अकरावा. मध्ये डोळ्यांसमोर एकच चित्र होतं: कालव्याच्या वळणावर आडवी पडलेली सायकल, तिचं फिरणारं चाक आणि आजूबाजूला कुणी नाही. नऊ बावन्नला तो आत आला. संघातल्या एका मुलाची साखळी उतरली होती, सगळे तिथे थांबले होते आणि फोन दप्तरात होता. मी ओरडायला तोंड उघडलं, तर त्याचा चेहरा पांढरा पडलेला. तो म्हणाला, "अकरा मिस्ड कॉल बघितले. मला वाटलं आजीला काही झालं."

आजी म्हणजे माझी आई, मायदेशी राहणारी. ती गोष्ट पुढे येईलच.

त्यानंतर हाउसआर्ट्स म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरांकडे बसणाऱ्या समुपदेशक बाईंकडे मी सहा वेळा गेले. शेजारीण म्हणाली होती, "डोक्यातून काढून टाक, विचारच करू नकोस." तिचं अर्धं बरोबर होतं, फोन करू नकोस इतकंच. विचार काढून टाकता येत नाही. डॅनियल वेग्नर या मानसशास्त्रज्ञाने 1987 मध्ये लोकांना पाच मिनिटं पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असं सांगितलं होतं, तरी ते अस्वल त्यांच्या मनात येतच राहिलं. माझ्या सायकलचंही तेच झालं. जितकं ढकलावं तितकं ते चाक जोरात फिरायचं.

बाईंनी ढकलायला सांगितलं नाही. "ते चित्र मला शेवटपर्यंत सांगा," म्हणाल्या. मी वळण सांगितलं, सायकल सांगितली, चाक सांगितलं आणि थांबले. "पुढे?" पुढे काही नव्हतं. माझं चित्र कायम त्याच चौकटीवर गोठायचं. कुणी जवळ थांबलं, कुणी मदतीला फोन केला, गुडघ्याला पट्टी लागली, असं त्यात कधी येत नसे. खऱ्या घटनेला आधी आणि नंतर असतं, भीतीच्या चित्राला फक्त एक क्षण असतो. त्या क्षणी मी किती टक्के विश्वास ठेवला होता, हे त्यांनी विचारलं. मी म्हणाले, सत्तर.

मग कागद आला. उशीर होण्याची बाकी सगळी कारणं आधी लिहायची, त्यांना शंभरातले वाटे द्यायचे आणि भीतीचं चित्र अगदी शेवटी घ्यायचं. हा क्रम महत्त्वाचा आहे. चित्र आधी घेतलं की तेच सगळी जागा खातं. मी लिहिलं: मित्रांशी बोलत राहिला, 40. सराव लांबला, 20. कुणाची तरी सायकल बिघडली, 15. मित्राला सोडायला लांबच्या रस्त्याने गेला, 15. किरकोळ पडला, 8. कालव्याच्या वळणासाठी उरले दोन. बाई म्हणाल्या, दोनही बहुतेक जास्तच असतील, पण आपण भांडायचं नाही. दोन वर्षांत तो या रस्त्याने दीडशेहून जास्त वेळा आला होता. माझ्या आठवणीत उशीर तीसेक वेळा, त्यात एकदा गुडघा खरचटलेला. सत्तर टक्के कुठून आले होते? मनाला जी गोष्ट स्पष्ट आणि ताबडतोब दिसते, ती त्याला घडणारीही वाटते. बोलत उभ्या राहिलेल्या चार मुलांचं चित्र कुणाच्या छातीत धडकी भरवत नाही, म्हणून ते सुचतच नाही.

मावसबहिणीला हे सांगितलं तर ती म्हणेल, "आणि त्या दोनातलाच दिवस असला तर?" मीही बाईंना हेच विचारलं होतं. त्यांनी हमी दिली नाही. त्या म्हणाल्या, त्या दिवशी अकरा फोनांनी काय वाचलं असतं? आणि नुसतं वाचलं नसतं एवढंच नाही. इथे 1 जुलै 2019 पासून सायकल चालवताना फोन हातात धरायला बंदी आहे. मी वाजवत होते ते यंत्र त्याने ओल्या रस्त्यावर, एका हाताने दप्तरातून काढावं, अशी माझी अपेक्षा होती. धोका मीच पाठवत होते.

त्या दोनासाठी पायऱ्या ठरवल्या, मुलाला समोर बसवून. निघायला उशीर होणार असेल तर निघण्याआधी त्याने एक ओळ पाठवायची. ठरल्या वेळेनंतर अर्धा तास माझ्याकडून काहीच नाही. अर्ध्या तासाला एक निरोप, पाऊण तासाला प्रशिक्षकांना फोन, तासाभराने मी स्वतः त्या रस्त्याने निघायचं. पुढचा मागचा दिवा चालतोय हे दर रविवारी तो तपासतो, मी नाही. खरा धोका जिथे कमी होतो ती कामं ही. उरलेला अर्धा तास माझ्याच काळजीचा, आणि तो मला बसून काढायचा होता.

तो कसा काढायचा, हे सगळ्यात अवघड होतं. दर दहा मिनिटांनी भीती किती, हे शंभरातल्या आकड्यात लिहायचं आणि फोनला हात लावायचा नाही. पहिल्या वेळी 85, 90, 80. तिसऱ्या आठवड्यात 70, 55, 35, आणि तो अजून आलेला नव्हता. हे मी कधी पाहिलंच नव्हतं. भीती चढते आणि काही न करताही उतरते. आजवर प्रत्येक वेळी मी ती चढत असतानाच फोन केला होता, म्हणून माझी समजूत होती की फोननेच ती उतरते. तो आल्यावर शेजारच्या रकान्यात प्रत्यक्षात काय झालं ते लिहायचं. सहा आठवड्यांत पाच उशीर झाले: गप्पा, गप्पा, लांबलेला सराव, पंक्चर, गप्पा.

यात दोन ठिकाणी माझं चुकलं. दुसऱ्या आठवड्यात मी चोरून फोनवर त्याचं ठिकाण पाहिलं. निळा ठिपका हलताना दिसला आणि जीव भांड्यात पडला. पाच मिनिटांनी परत पाहावंसं वाटलं, मग तीन मिनिटांनी. ठिपका पुलावर थांबला तेव्हा नऊ वाजून वीस मिनिटांची ती रात्र जशीच्या तशी परत आली. म्हणून भाऊजींचं घड्याळ मला पटत नाही. ते भीतीला दर मिनिटाला नवं खाद्य देतं. संकटात ते उपयोगी पडेल, हे मी नाकारत नाही. तासाभरानंतरची पायरी म्हणून चालेल, पहिल्या मिनिटाची म्हणून नाही. दुसरी चूक उशिरा कळली. कागद हाच तोडगा होऊन बसला: लिहिलं तर तो सुखरूप येतो. एकदा वही सापडेना आणि माझे हात थरथरले. बाईंनी मग मुद्दाम दोन आठवडे वही बंद करायला लावली.

आता मावसबहिणीचं म्हणणं, कारण ते पूर्ण चुकीचं नाही, आणि हे लिहिताना मला त्रास होतो. इथल्या आया शांत आहेत ते त्यांच्या स्वभावामुळे, असं मी बरीच वर्षं मानत आले. 1971 साली या देशात रस्त्यावर चारशेहून जास्त लहान मुलं मेली. 1972 मध्ये 'स्टॉप द किंडरमोर्ड', म्हणजे 'मुलांचे खून थांबवा', हे नाव घेऊन आईबाप रस्त्यावर उतरले. मी ज्या वेगळ्या लाल सायकलमार्गाच्या जोरावर तोऱ्यात बोलते, त्यामागे त्यांचाही हात आहे. तिच्या मुलाच्या वाटेवर तसा मार्ग नसेल, तर तिचे दोन टक्के माझ्या दोनाइतके नाहीत. तिथे वाटा बदलणं, वेळ बदलणं, सोबत शोधणं हे भित्रेपण नाही. पण रस्ता वाईट असणं वेगळं आणि पोरगा अर्धा तास उशिरा आला म्हणून तो मेलाच असं दिसणं वेगळं. रस्त्याबद्दल भांडावं लागतं. चित्राशी भांडून काही होत नाही, ते कागदावर उतरवावं लागतं. मोकळं सोडा असं मी तिला म्हणायला नको होतं. तू आधी वाटे लिही, असं म्हणायला हवं होतं.

आणि मला काय कळणार, या तिच्या प्रश्नाचं उत्तर हे आहे.

मी रोज सकाळी इथल्या साडेसातला आईला फोन करते. तिने उचलला नाही तर आठपर्यंत मी सहा वेळा करते, मग शेजाऱ्यांना, मग भावाला. माझा मुलगा हे न्याहरीच्या टेबलावरून बघत वाढला. लागोपाठ वाजणाऱ्या फोनचा अर्थ आजी, हे त्याला मी शिकवलं. त्या रात्री त्याच्या डोळ्यांसमोरचं चित्र माझंच होतं. मी कालव्याचं वळण बघत होते, तो अंधारात उभा राहून हजारो किलोमीटरवरचं घर बघत होता. तिथे पोचायला मला एक दिवस लागतो, आणि मी तिथे नाही ही माझीच निवड आहे. मुलाच्या उशिराला पायऱ्या ठरवता आल्या, कारण शेवटच्या पायरीवर मी चपला घालून निघू शकते. आईच्या बाबतीत ती पायरी नाही.

गेल्या मंगळवारी आईने फोन उचलला नाही. मी वही घेतली. अंघोळ, 30. फोन दुसऱ्या खोलीत, 30. शेजारी गेली, 20. झोप लागली, 15. शेवटच्या ओळीपुढे पाच लिहिले आणि हे पाच मला कमी करता येईनात. मुलगा दप्तर घेऊन दारात थांबला होता. म्हणाला, "अर्धा तास झाला का?" बारा मिनिटं झाली होती. तो बूट काढून माझ्या शेजारी येऊन बसला.