लाइन गेली होती

आमच्या जिनिंगचा महिनाअखेरचा अहवाल माझ्या लॅपटॉपवर रात्री दोनला आपोआप तयार होतो आणि १ तारखेला सकाळी सातला नागपूरला, फायनान्सच्या मोठ्या साहेबांकडे जातो. या १ डिसेंबरला तो पोचला दुपारी साडेचारला. साहेबांनी ‘लेखी खुलासा करावा’ असा मेल मला टाकला आणि प्रत सगळ्यांना. मुनीमजींनासुद्धा. त्यांना मेलबिल काही नाही, म्हणून शिपायानं प्रिंट काढून त्यांच्या टेबलावर ठेवली. माझी अब्रू छापील स्वरूपात गेली, हे मी अजून विसरलेलो नाही.

साहेबांचा राग खोटा नव्हता. कापूस किती आला, गाठी किती बांधल्या, सरकी किती उरली हे त्या अहवालावरून बँकेला कळवतात, आणि बँक त्यावर किती रक्कम उचलू द्यायची ते ठरवते. इकडे फाटकाबाहेर ट्रॅक्टरांची रांग, आणि चुकाऱ्यासाठी थांबलेला माणूस ‘सिस्टीम’ हा शब्द ऐकून घेत नाही.

मी खुलासा लिहायला बसलो, तर मुनीमजी प्रिंट घेऊन हजर.

“लिव्हा, लाइन गेली होती.”

“काका, लाइन गेली होतीच. रात्री पावणेदोनला. पण कारण ते नाही.”

“काऊन नाही? लाइन गेली, मशीन बंद पडली, खतम.”

“मशीन बंद नव्हती पडली. लॅपटॉप आहे तो. बॅटरी फुल्ल होती. दोन वाजता तो टक्क जागा होता.”

“मंग काम काऊन नाही केलं?”

“लाइन नव्हती म्हणून.”

मुनीमजींनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. असं ते फक्त ओला कापूस आणणाऱ्याकडे पाहतात.

“मंग मी काय म्हणून रायलो, बाप्पा?”

आता यांना काय सांगू? विंडोजच्या टास्क शेड्युलरमध्ये नवं काम लावलं की एक खूण आधीच टिकलेली असते: `Start the task only if the computer is on AC power`. म्हणजे चार्जरमधून वीज येत असेल तरच काम सुरू करायचं. बॅटरी वाचावी म्हणून कुणीतरी केलेली सोय. जिथं दिवे जात नाहीत तिथं बसून केली असणार. आमच्याकडे लाइन जाते म्हणूनच तर मी मुद्दाम लॅपटॉप मागून घेतला होता!

“माह्याजवळ कंदील हाय,” मुनीमजी म्हणाले. “कंदील म्हनत नाही का लाइन आली तरच पेटीन.”

त्यांची रोकडवही ३० तारखेला रात्री नऊलाच जुळली होती. हे त्यांनी दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा गरज नव्हती.

पण जी गोष्ट मी त्यांना सांगितली नाही, ती खुलाशात लिहावीच लागली. सकाळी साहेबांचा फोन आला तेव्हा मी शेड्युलर उघडला. `Last Run Result` खाली `0x0` दिसलं, म्हणजे काम यशस्वी. “गेलाय सर, स्पॅममध्ये बघा,” मी ऐटीत म्हणालो. बिचारे दुपारपर्यंत स्पॅम उपसत बसले. तो `0x0` गेल्या महिन्याचा होता. शेजारच्या रकान्यात तारीख १ नोव्हेंबर होती, ती मी वाचलीच नाही. जे काम सुरूच झालं नाही, त्याचा निकाल बदलणार कसा? तपशील पाहायला गेलो तर वर लिहिलेलं: `History (disabled)`. इतिहाससुद्धा आपण सांगितल्याशिवाय लिहून ठेवत नाही हा प्राणी.

शेवटी पत्र असं झालं:

“महोदय, अहवालाचं काम बॅटरीवर सुरू न होण्याची अट लागू होती, ती काढली आहे. काम चालू असताना लाइन गेली तर ते थांबवण्याची दुसरी अटही काढली आहे. लॅपटॉपच बंद असल्यामुळे वेळ चुकली, तर तो सुरू झाल्यावर काम थोड्या वेळात आपोआप व्हावं म्हणून `Run task as soon as possible after a scheduled start is missed` ही खूण केली आहे. इतिहास चालू केला आहे. चाचणीसाठी वेळ पाच मिनिटं पुढची लावून चार्जर उपसला; अहवाल तयार झाला. यापुढे काम महिन्यातून एकदा नव्हे, रोज रात्री चालेल. बिघडलं तर दुसऱ्या दिवशी कळेल, १ तारखेची वाट पाहावी लागणार नाही. मात्र लॅपटॉप मेला तर ‘मी मेलो’ असा मेल तो करू शकत नाही. म्हणून १ तारखेला सातपर्यंत अहवाल न दिसल्यास आपल्या कार्यालयातून फोन यावा. स्पॅमबद्दल क्षमस्व.”

चार वेळा खोडून लिहिलेलं पत्र. प्रत सगळ्यांना, मीही पाठवली.

संध्याकाळी साहेबांचं उत्तर आलं. एक ओळ. मी वाचायच्या आत शिपाई प्रिंट घेऊन आला, मुनीमजींकडून. त्यांनी लाल पेननं खाली दोन रेघा ओढल्या होत्या:

“म्हणजे लाइन गेली होती ना?”