डोशाचं पीठ, शनिवार आणि दूध डेअरी

"बंगळुरू-पुण्यात जे चाललंय ते तुमच्या तालुक्यात अजून कोणी आणलं नसेल तर तेच सोनं समजा. मॉडेलमध्ये काही बदल करू नका, तोच माल, तेच पॅकिंग. सुरुवातीला फ्री वाटा, लोकांना सवय लागतेच. केलॉग्ज आणि मॅकडोनाल्डने पण भारताला सवय लावलीच की."

हा मेसेज गेल्या महिन्याभरात मला चार वेगवेगळ्या ग्रुपवर आला आणि खाली "एकदम बरोबर", "सुरू करतोय" असं लिहिणारी पोरं बघून राहवलं नाही. मी विट्यात इडली-डोशाचं ओलं पीठ विकतो. ही आयडिया सरळ बंगळुरूवरून उचललेली, तिथं आयडी फ्रेशवाल्यांनी 2005 ला सुरुवात केली आणि आज ते पाकीट कुठल्याही दुकानात दिसतं. मीही आधी जसंच्या तसंच आणलं होतं, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

पहिलं, आमच्याकडं हे कोणी आणलं नव्हतं हे खरं होतं. पण का नव्हतं, हे मी बघितलंच नाही. बंगळुरूत डोसा हा रोजचा नाश्ता आहे, पाकीट संपलं की दुसरं येतं. आमच्याकडं सकाळी पोहे, उप्पीट, नाहीतर रात्रीची चपाती फोडणीला टाकून, आणि डोसा म्हणजे रविवार, पोरं घरात असतात तेव्हा. म्हणजे तीच वस्तू, पण तिकडं ती दुधासारखी विकली जाते आणि इकडं मटणासारखी, आठवड्यातनं एकदा. मी मात्र रोज 60 पाकिटं, एक किलोची, 18 किराणा दुकानांत टाकत होतो.

एका आठवड्याचा हिशोब सांगतो, वहीत आहे माझ्या. सोमवार ते शनिवार 360 पाकिटं, एकाला खर्च 38 रुपये, म्हणजे 13,680. शनिवारी 60 च्या 60 संपली आणि दुकानदार अजून मागत होते, शुक्रवारी 35 गेली, आणि सोमवार ते गुरुवार रोज जेमतेम 12. एकूण 143. दुकानदाराकडनं मला 60 मिळायचे, म्हणजे 8,580. आठवड्याला 5,100 चा खड्डा, आणि 217 पाकिटं परत, ती गोठ्यावर द्यायची. शनिवारी माल कमी पडतोय आणि मंगळवारी फेकतोय, हे दोन महिने चाललं तरी मला वाटत होतं की जाहिरात कमी पडतेय.

आता "तेच पॅकिंग" वाला भाग, यात माझे सगळ्यात जास्त पैसे गेले म्हणून जरा सविस्तर लिहितो. डोशाचं पीठ जिवंत असतं, दळून आंबवलं की ते थांबत नाही, थंड केलं की फक्त हळू होतं. त्यामुळं हा धंदा पिठाचा कमी आणि फ्रिजचा जास्त आहे. मोठ्या शहरातल्या दुकानात काचेचा फ्रिज चोवीस तास चालू असतो. आमच्याकडं किराणावाला रात्री साडेनऊला शटर ओढताना मेन स्विच बंद करतो आणि सकाळी आठला चालू करतो. त्याचं काही चुकत नाही, फ्रिजमध्ये त्याच्या कोल्ड्रिंकच्या बाटल्या असतात, त्यांना काय होतंय. पण माझं पीठ साडेदहा तास गरम होत बसायचं. एप्रिलमध्ये एका दुकानात सकाळी गेलो तर पाकिटं उशीसारखी फुगलेली, एक तर शिवणीतनं फुटून खालच्या कप्प्यात सांडलेलं आणि वास सगळ्या फ्रिजला. एका काकूंनी तर डोसे केले आणि दुसऱ्या दिवशी दुकानदाराला म्हणाल्या, कढी करायला दिलं होतं का? ते घर गेलं, परत कधी आलं नाही.

पाकीट फुगलं की समजायचं आंबवण चालूच राहिलंय, यात तारीख बघून उपयोग नाही, पाकीट दाबून बघायचं. मी दोन गोष्टी बदलल्या. आधी पीठ आठ तास आंबवून भरायचो, ते उन्हाळ्यात चार तासांवर आणलं आणि अर्धकच्चंच फ्रिजला टाकलं, उरलेलं काम गिऱ्हाइकाच्या घरी होतं, पाकिटावर तसं लिहिलं की करण्याआधी दोन तास बाहेर ठेवा. आणि दुसरं म्हणजे किराणा दुकानं सोडलीच, दूध डेअरीच्या काउंटरवर गेलो. डेअरीवाला फ्रिज बंद करूच शकत नाही, त्याचं दूध नासेल. वर माणूस तिथं सकाळ-संध्याकाळ पिशवी घेऊन येतोच, वेगळं बोलवायला लागत नाही.

एक किलोचं पाकीट पण बंद केलं. चार माणसांच्या घरात रविवारच्या एका नाश्त्याला अर्धा किलो बास होतं, उरलेलं बुधवारपर्यंत आंबट होतं आणि बाई म्हणते यांचं पीठ टिकत नाही. आता अर्धा किलो, छापील किंमत 40, डेअरीला 34 ला, मला पडतं 21 ला. निम्मं नाही पडत हे लक्षात घ्या, कारण पाकीट आणि सीलिंगचा खर्च तेवढाच राहतो.

फ्री वाटपाबद्दल. मी 200 पाकिटं फुकट वाटली, सगळ्यांनी "छान आहे" म्हणून सांगितलं, कोण नाही म्हणणार? त्यातनं काही कळत नाही. कळलं ते नंतर, जेव्हा व्हॉट्सॲपवर ॲडव्हान्स घेऊन चार शनिवार फक्त ऑर्डरवर पीठ दिलं. पहिल्या शनिवारी 40 घरं, तिसऱ्या शनिवारी त्यातलीच 22. ह्या 22 वर धंदा उभा राहतो, पहिल्या 40 वर नाही. आणि हे घरच्या छोट्या ग्राइंडरवर झालं असतं, मी मात्र आधीच मोठा टिल्टिंग ग्राइंडर घेऊन बसलो होतो.

त्या मोठ्या ग्राइंडरला काम मिळालं नाश्त्याच्या गाड्यांमुळं. पाच गाडीवाले रोज पाच-पाच किलो बादलीत घेतात, पाकीट नाही, परत नाही, 50 रुपये किलो, मला पडतं 33. म्हणजे रोज डोसा खाणारा गिऱ्हाईक आमच्याकडं पण आहे, फक्त तो घरी नाही, स्टँडवर आहे. आजचा आठवडा असा: गाड्यांना 150 किलो, त्यात 2,550 सुटतात, पाकिटं 220 काढतो, बहुतेक शुक्रवारी रात्री, 30 च्या आसपास परत येतात, ते वजा जाऊन 1,840. यात माझी मजुरी आणि पेट्रोल धरलेलं नाही, ते आधीच सांगतो.

राहिलं केलॉग्ज आणि मॅकडोनाल्ड, तर ही दोन्ही उदाहरणं उलट्या बाजूची आहेत. केलॉग्ज 1994 ला आलं, कारखाना आपल्या तळोज्यात. कॉर्नफ्लेक्स थंड दुधात कुरकुरीत राहतात, आणि आपण दूध तापवून गरमच घालतो, त्यात त्यांचा लगदा होतो. थंड घातलं तर साखर विरघळत नाही. शेवटी त्यांनाच साखर लावलेले फ्रॉस्टीज, चोकोज आणि छोटी पाकिटं आणायला लागली. मॅकडोनाल्ड 1996 ला आलं ते बीफ न ठेवताच आलं, व्हेज-नॉनव्हेजचं किचन वेगळं, मेयोनीज बिनअंड्याचं, आणि पुढं बटाट्याची टिक्की. तिकडचा मेनू तसाच्या तसा त्यांनी पण इथं लावला नाही.

ज्या पोरानं "सुरू करतोय" लिहिलंय त्यानं मला मेसेज करावा, त्याच्या गावात रात्री कुठल्या दुकानाचा फ्रिज चालू राहतो ते आपण एक चक्कर मारून बघू. साडेनऊनंतर जायचं, शटर ओढायच्या वेळेला.